४.४ तारे आणि वीस लाखांची डीलरशिप

सप्रेम नमस्कार. बार्शीत माझं ऑटो स्पेअर पार्टचं दुकान आहे. इलेक्ट्रिक स्कूटरच्या एका कंपनीने तालुक्याची डीलरशिप देऊ केली आहे. आठ लाख डिपॉझिट आणि पहिल्या मालाचे बारा लाख आगाऊ मागतात. कंपनी शेअर बाजारात नाही, त्यामुळे आत काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. त्यांच्या लातूरच्या शोरूमला गुगलवर ४.४ रेटिंग आहे, पण पुतण्या म्हणतो फेसबुकवर लोक शिव्या घालतात. स्कूटर मी स्वतः चालवून पाहिली, मला चांगली वाटली. बाहेरून बघून कंपनी धड आहे की नाही हे कसं ओळखायचं? पंधरा दिवसांत कळवायचं आहे.
— एक वाचक, बार्शी

नमस्कार.

चेकबुक तूर्त कपाटातच राहू द्या. पंधरा दिवस या कामाला पुरतात. शिवाय तुम्ही पार्टच्या धंद्यातले आहात, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. कंपनीची नाडी कुठे लागते ते पार्टवाल्याला जितकं कळतं, तितकं मुंबईत बसून ताळेबंद वाचणाऱ्याला कळत नाही.

तुम्ही पाठवलेल्या लिंकवरून लातूरच्या शोरूमचे रिव्ह्यू मी वाचले. गुगल आधी स्वतःच्या पसंतीचे रिव्ह्यू वर दाखवतं, म्हणून क्रम बदलून Newest केला. ४.४ हा आकडा कसा तयार झाला ते मग लगेच दिसतं. पाच ताऱ्यांचे बहुतेक रिव्ह्यू डिलिव्हरीच्या दिवशीचे आहेत. हार घातलेली स्कूटर, शेजारी कुटुंब, हातात किल्ली आणि खाली ‘स्टाफ खूप छान, सरांनी व्यवस्थित माहिती दिली’ असा मजकूर. हे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. त्या दिवशी माणूस खरंच खूश असतो आणि काउंटरवरचा पोरगाही ‘एक रिव्ह्यू टाका ना’ म्हणून मागे लागलेला असतो. पण त्यात मार्क मिळतात सेल्समनला. स्कूटर अजून शोरूमच्या पायरीवरून खालीही उतरलेली नसते. हे सगळे बाजूला ठेवा.

उरतात ते एक ते तीन ताऱ्यांचे, आणि त्यातलेही गाडी चार-सहा महिने वापरून लिहिलेले. संख्येने हे थोडे आहेत, पण कामाचे एवढेच. त्यांचे दोन गठ्ठे करा.

पहिल्या गठ्ठ्यात गाडीच्या तक्रारी. सांगितली तेवढी रेंज मिळत नाही, प्लॅस्टिकचे पॅनल खडखडतात, पावसात डिस्प्ले बंद पडतो, मागचा ब्रेक आवाज करतो. या तक्रारी डिझाइनच्या आणि कारखान्यातल्या तपासणीच्या आहेत. गाडी विकत घेणाऱ्याने त्या बघाव्यात. कंपनी बुडेल की राहील ते त्यावरून ठरत नाही, कारण नवीन मॉडेलमध्ये अशा बऱ्याच गोष्टी दुरुस्त होतात.

दुसऱ्या गठ्ठ्यात वेगळ्या प्रकारचा मजकूर असतो. ‘कंट्रोलर गेला, दीड महिना झाला, कंपनीतून पार्टच येत नाही.’ ‘बुकिंग रद्द केलं, पैसे अजून परत नाहीत.’ ‘चार्जर वॉरंटीत आहे, तरी आधी पैसे भरा म्हणतात.’ ‘जवळचं सर्व्हिस सेंटर बंद झालं.’ वरवर याही गाडीच्याच तक्रारी वाटतात, पण यातली प्रत्येक तक्रार कंपनीच्या खिशाशी जाऊन पोचते.

कारण साधं आहे. कंपनीला पैशाची चणचण भासू लागली की ती आधी कुणाचे पैसे देते? बॅटरीचे सेल पुरवणाऱ्याचे, मोटर पुरवणाऱ्याचे, पगाराचे. ते थांबले तर नवीन गाडी बाहेर पडत नाही आणि विक्रीच बंद होते. विकून झालेल्या गाडीचा कंट्रोलर पाठवला तर मात्र कंपनीला एक रुपयाही मिळत नाही, उलट खर्च होतो. म्हणून पहिली काटछाट तिथे होते. परताव्याचंही तसंच. कंपनीने कागदावर काहीही कबूल करण्याच्या कितीतरी आधी लातूरच्या एखाद्या मास्तरांची स्कूटर पार्टवाचून सर्व्हिस सेंटरच्या आवारात धूळ खात उभी राहते.

आणि कागद फार मागून येतात. शेअर बाजारात नसलेली कंपनीही दरवर्षी हिशेब कंपनी मंत्रालयाकडे दाखल करते आणि तो शंभर रुपये भरून कुणालाही बघता येतो. पण मार्चअखेरचे आकडे साधारण ऑक्टोबरपर्यंत दाखल होतात. पुढच्या सप्टेंबरात तुम्ही ते उघडलेत, तर दीड वर्षापूर्वीची कंपनी बघत असता. ते बघा जरूर. ऑडिटर मध्येच सोडून गेला आहे का आणि बँकेकडे काय काय गहाण पडलं आहे, हे तिथे सापडतं. पण आजची हालत दुसऱ्या गठ्ठ्यातच दिसते.

आता लातूरचा निकाल. साधारण वर्षभरापूर्वीच्या नाराज रिव्ह्यूंमध्ये पहिला गठ्ठा जाड आहे, दुसरा जवळपास नाही. गेल्या काही महिन्यांत हे उलटलं आहे. कंट्रोलर आणि चार्जर हे दोन शब्द पुन्हा पुन्हा येतात. पूर्वी प्रत्येक तक्रारीखाली ‘आपला नंबर पाठवा, आम्ही संपर्क करू’ असं उत्तर असायचं, तेही आताच्या तक्रारींखाली नाही. या उत्तराला मी फार वजन देत नाही, लिहिणारा पोरगा नोकरी सोडून गेला असेल. गठ्ठा उलटणं मात्र मला खटकतं.

पण एवढ्यावरून कंपनी वाईट असं मी म्हणणार नाही. हा दोष लातूरच्या डीलरचाही असू शकतो. त्यानेच कंपनीचे पैसे थकवले असतील, म्हणून त्याचा पार्टचा पुरवठा अडवला असेल. ते वेगळं काढायची रीत आहे. याच कंपनीच्या धाराशिव, सोलापूर आणि लांबच्या एखाद्या, समजा जळगावच्या, शोरूमचे रिव्ह्यू याच पद्धतीने वाचा. सगळीकडे साधारण एकाच महिन्यापासून कंट्रोलर आणि चार्जर येत नसेल, तर खोट कंपनीत आहे. फक्त लातुरात असेल, तर ती लातूरची भानगड.

पुतण्याने दाखवलेल्या फेसबुकच्या शिव्यांबद्दल एकच सांगतो. तक्रारींचा नुसता आकडा कधी घेऊ नका, रस्त्यावर गाड्या किती आहेत त्याच्याशी तो ताडून बघा. ओला इलेक्ट्रिकचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या वर्षात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर त्यांच्याविरुद्ध १०,६४४ तक्रारी आल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस काढली. आकडा प्रचंड वाटतो. पण त्या सुमारास ही कंपनी वर्षाला तीन लाखांहून जास्त स्कूटर विकत होती. दोन हजार स्कूटर विकणाऱ्या कंपनीच्या शंभर तक्रारी प्रमाणाने याहून जड पडतात, आणि त्यांची बातमीही होत नाही. ‘नेटवर या कंपनीबद्दल फारसं वाईट काही नाही’ याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की गाड्याच फारशा खपलेल्या नाहीत.

त्याच उदाहरणात पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. तक्रारींत मोठा वाटा सर्व्हिसला होणाऱ्या उशिराचा होता. आपले बहुतेक सगळे तक्रारदार समाधानी झाले, असं कंपनीचं उत्तर होतं. तरी डिसेंबर २०२४ मध्ये महिन्याच्या नोंदणीत आपल्या आकुर्डीच्या बजाजची चेतक पुढे गेली. मार्च २०२५ ला संपलेल्या तिमाहीच्या हिशेबात कंपनीला जुन्या गाड्यांच्या वॉरंटीपोटी एकरकमी २५० कोटींची तरतूद करावी लागली. ग्राहक जे २०२४ मध्ये ओरडून सांगत होते, ते ताळेबंदात उमटायला २०२५ उजाडलं. तरीही कंपनी बंद पडली नाही, कारण ऑगस्ट २०२४ मध्येच तिने शेअर विकून बाजारातून मोठा पैसा उभा केला होता. तक्रारींवरून कंपनीला खर्च कुठे होणार आहे ते कळतं. तो सोसायची ताकद तिच्यात आहे की नाही, हे वेगळीकडे शोधावं लागतं. तुमच्या कंपनीकडे शेअर बाजाराचा पैसा नाही हे विसरू नका.

आणि तुमचं ‘चालवून पाहिली, चांगली वाटली’. गाडी चांगली असेलही, पण त्यावर वीस लाख लावू नका. हिरो इलेक्ट्रिक आठवा. ही हिरो मोटोकॉर्पपेक्षा वेगळी कंपनी, बाजारात लोक अजूनही गल्लत करतात. २०२१-२२ मध्ये इलेक्ट्रिक दुचाकींच्या विक्रीत ती देशात पहिली होती. स्थानिक सुटे भाग वापरण्याच्या अटी मोडल्याच्या तक्रारींवरून केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाने तिचं अनुदान अडवलं. गाडी ग्राहकाला अनुदान वजा करूनच विकली जायची आणि ती रक्कम नंतर सरकारकडून यायची. ती थांबल्यावर खेळतं भांडवल आटलं. डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली, आणि अर्ज कुणाचा होता? टायर पुरवणाऱ्याचा, थकलेल्या बिलांसाठी. अनुदान अडलं त्या महिन्यात ग्राहकांचे रिव्ह्यू वाचून यातलं काही कळलं नसतं. गाडी कालच्यासारखीच चालत होती.

म्हणून ग्राहकांपाशी थांबू नका, माल पुरवणाऱ्यांकडेही जा. इथे तुमचा धंदा उपयोगी पडतो. टायर, ब्रेक शू, शॉकॲब्सॉर्बर, हॉर्न ज्या कंपन्यांचे आहेत त्यांचे वितरक सोलापूर-पुण्यात तुमच्या ओळखीचे असतील. त्यांच्यामार्फत एवढंच काढा की या स्कूटर कंपनीला माल अजून उधारीवर जातो की आता आगाऊ पैसे घेऊनच सोडतात. साठ दिवसांची उधारी होती ती तीसवर आणली, किंवा रोखीवर आणली, एवढं एक वाक्य हाती लागलं तरी ते शंभर रिव्ह्यूंपेक्षा मोलाचं.

विक्रीचा दावा तपासायला सरकारचा वाहन डॅशबोर्ड आहे. कंपनीचा माणूस ‘लातुरात महिन्याला साठ गाड्या जातात’ म्हणतो ना, ते घरबसल्या बघता येतं. राज्य महाराष्ट्र निवडा, मग लातूरचं आरटीओ, म्हणजे एमएच २४. उभ्या बाजूला Maker आणि आडव्या बाजूला Month Wise ठेवा, इंधनात इलेक्ट्रिक निवडा. कंपनीच्या नावापुढे दर महिन्याच्या नोंदण्या येतील. हेच धाराशिवचं, एमएच २५ चं, आणि तुमच्या एमएच १३ चं करा. एका महिन्याच्या आकड्यावर जाऊ नका, दिवाळी-पाडव्याला सगळ्यांचेच आकडे फुगतात. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडा. एकूण इलेक्ट्रिक दुचाकी वाढताहेत आणि ही कंपनी घटते आहे, असं चित्र सहा महिने दिसलं तर ग्राहकाने पाठ फिरवली आहे असं समजा.

यात दोन खाचा आहेत. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या, कमी ताकदीच्या स्कूटरना नोंदणीच लागत नाही, त्यामुळे त्या डॅशबोर्डवर येत नाहीत. कंपनीची निम्मी विक्री तसल्या गाड्यांची असेल तर आकडे कमीच दिसणार, आधी मॉडेल विचारून घ्या. दुसरं म्हणजे कंपनी ज्याला विक्री म्हणते ते पुष्कळदा डीलरच्या नावावर फाडलेलं बिल असतं. महिनाअखेर आली की डीलरवर माल ढकलायचा आणि टार्गेट पूर्ण दाखवायचं. नोंदणी मात्र ग्राहकाच्या नावावर होते. कंपनी शंभर म्हणते आणि नोंदणी चाळीसची दिसते, तेव्हा बाकीच्या साठ गाड्या कुणाच्या गोडाऊनमध्ये उभ्या आहेत ते समजून जा. उद्या तुमच्या गोडाऊनमध्ये उभ्या राहतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यासाठी घराबाहेर पडावं लागेल. धाराशिव आणि लातूरच्या डीलरकडे जा, पण शोरूमच्या दाराने जाऊ नका. मागे वर्कशॉपकडे जा. सकाळी दहाच्या सुमारास मेकॅनिक चहाला बाहेर असतो, तेव्हा गाठा. उभ्या गाड्यांवर धूळ किती आहे ते बघा. हँडलला लटकवलेल्या जॉबकार्डवरची तारीख वाचा. मग मेकॅनिकला सहज विचारा, ‘कंट्रोलर नसला की काय करता?’

‘मागवलाय, आठवड्यात येतो’ हे ठीक उत्तर. ‘पुण्याच्या डीलरकडून आणतो’ हेही चालण्यासारखं. पण ‘शोरूममधल्या नवीन गाडीचा काढून लावतो’ असं तो म्हणाला, की तिथेच थांबा. कंपनी पार्ट देत नाही, ग्राहक दारात येऊन बसतो, म्हणून डीलर स्वतःच्या पैशाने घेतलेली नवीन गाडी सोलून जुन्या चालवतो आहे, हा त्याचा अर्थ. मी बँकेत कर्ज विभागात होतो तेव्हा डीलरचा स्टॉक मोजायला गेलो की पहिल्यांदा सीट उचलून बघायचो. आतून उघडलेल्या गाड्या ताळेबंदात पूर्ण किमतीला धरलेल्या असायच्या.

नंतर डीलरशी बोला. ‘कंपनी कशी आहे’ असं विचारू नका, तो चांगलंच सांगणार. त्याची डीलरशिप पुढेमागे कुणाच्या तरी गळ्यात मारायची असेल तर जास्तच चांगलं सांगणार. विचारायचं हे: वॉरंटीत बदललेल्या पार्टची आणि मजुरीची क्रेडिट नोट किती दिवसांनी येते? वॉरंटीचं काम डीलर करतो आणि कंपनी त्याच्या खात्याला ती रक्कम जमा दाखवते. महिना-सव्वा महिना लागत असेल तर ते चालण्यासारखं आहे. ‘पूर्वी महिन्यात यायची, आता चार महिने झाले, तीन लाख अडकलेत’ असं कळलं, तर लातूरच्या ग्राहकाला चार्जरसाठी आधी पैसे का भरायला लावतात तेही कळलं. क्लेमचे पैसे येत नाहीत म्हणून डीलर ते ग्राहकाकडून काढतो आहे. रिव्ह्यूमधली तक्रार आणि डीलरची ही थकबाकी मग एकाच धाग्याची दोन टोकं ठरतात. शक्य झालं तर डीलरशिप सोडलेला एखादा माणूसही शोधा आणि डिपॉझिट परत मिळायला किती काळ लागला एवढंच विचारा.

घरी आल्यावर दोन गोष्टी मोबाइलवर बघून घ्या. कंपनीच्या बिलावर जीएसटी क्रमांक असतो. जीएसटी पोर्टलवर Search Taxpayer मध्ये तो टाकला की रिटर्न कोणत्या तारखेला भरलं ते दिसतं. मोठ्या कंपनीचं मासिक जीएसटीआर-३बी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत भरलं जायला हवं. एखाद-दुसरा उशीर सोडून द्या, पण दर महिन्याला तारीख पुढे सरकत असेल तर पैशाची ओढाताण आहे. तसंच भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर आस्थापनेच्या नावाने शोधलं की कोणत्या महिन्याचा भरणा कधी झाला आणि किती कर्मचाऱ्यांचा, हे येतं. तोही पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत अपेक्षित असतो. कर्मचारी चारशेवरून अडीचशेवर आले असतील, तर त्यात सर्व्हिसची माणसं किती गेली हे कंपनीच्या माणसाला तोंडावर विचारायला हरकत नाही. कंत्राटी माणसं तिथे दिसत नाहीत, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

हे सगळं बघून संमिश्र चित्र आलं, म्हणजे नोंदणी बरी, क्लेमला उशीर पण थकबाकी फार नाही, तर नकार द्यायलाच हवा असं नाही. अटी बदलून मागा. आठ लाखांचं रोख डिपॉझिट देऊ नका. त्याऐवजी बँक गॅरंटी देतो म्हणा. कंपनी उद्या बुडाली तर तुमचं रोख डिपॉझिट बँकांची वसुली होईपर्यंत रांगेत मागे उभं राहील आणि हाती बहुधा काही लागणार नाही. गॅरंटीत पैसा तुमच्या बँकेत राहतो. तीस दिवसांत क्रेडिट नोट आली नाही तर क्लेमची रक्कम पुढच्या मालाच्या बिलातून वजा करण्याची मुभा करारात लिहून घ्या. पहिला माल बाराऐवजी चार-पाच लाखांचा घ्या, आणि त्यासोबत कंट्रोलर, चार्जर, डिस्प्ले यांचे किमान काही नग वॉरंटी स्टॉक म्हणून दुकानात ठेवायला मागा.

या शेवटच्या मागणीवर कंपनीचा माणूस काय उत्तर देतो ते नीट ऐका. स्कूटर उद्या पाठवतो म्हणणारा माणूस पाच कंट्रोलर द्यायला पंधरा दिवस मागत असेल, तर मला कळवायची गरज नाही, तुम्ही थेट नकार कळवून टाका.